ठेकेदाराकडे सुधारित वेळापत्रक मागावे की थेट भरपाईच मागावी?

मानपाडा गृहस्थ
घोडबंदर रस्त्यावरील आमच्या दोन बेडरूमच्या घराचे नूतनीकरण १५ मे रोजी पूर्ण व्हायचे होते. आज ७ जुलै आहे आणि अखेरच्या टप्प्यातील कामे अडली आहेत : पश्चिमेकडील बेडरूमचे पुट्टी-रंगकाम, स्वयंपाकघराची शटरे, दोन्ही न्हाणीघरांतील नळ व इतर जोडणी आणि कपाटांचे लॅमिनेट. एकूण ९ लाखांपैकी ७ लाख २० हजार रुपये दिले आहेत. भाड्याच्या घराचा करार ३१ ऑगस्टला संपतो. ठेकेदाराला पाठवण्यासाठी मी पुढील मसुदा केला आहे : ‘काम बराच काळ रखडले आहे, आम्हांला फार त्रास होत आहे, तरी कृपया लवकरात लवकर काम पूर्ण करावे आणि सुधारित तारीख कळवावी.’ एवढे पुरेसे आहे का?

कोलशेतकर
माझ्या मते सुधारित तारीख मागणे हीच मूळ चूक आहे. ठरलेली तारीख त्यांनी मोडली. नवी तारीख आपण मागितली, की जुनी आपणच सोडून दिली असा त्याचा अर्थ होतो. त्याऐवजी, १५ मेपासून दररोज १,००० रुपये दंड अंतिम हिशेबातून वळता करण्यात येईल, असे स्पष्ट लिहावे. विनंतीची भाषा ठेकेदार मंडळींना कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

ऐरोलीचा ठेकेदार
मी हाच व्यवसाय करतो, त्यामुळे माझे म्हणणे एकतर्फी वाटेल, तरीही मांडतो. दंडाची अट मूळ करारात नसेल, तर ती पत्रातून मागाहून लादता येत नाही. आणि उशीर नेहमी एकट्या ठेकेदाराचाच असतो का? फरशी किंवा लॅमिनेटची निवड मध्येच बदलली गेली होती का, याचे उत्तर धागाकर्त्यांनी प्रामाणिकपणे द्यावे. सोसायटीत दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद आणि रविवारी काम पूर्ण बंद, म्हणजे आठवड्याचे किती तास हाती उरतात, याचा विचार घरमालक सहसा करत नाहीत.

मानपाडा गृहस्थ
मार्च महिन्यात आम्ही न्हाणीघराच्या फरशीची निवड बदलली आणि त्यात १२ दिवस गेले, हे खरे आहे. दंडाची अट आमच्या करारात नाही.

वाशीकर
आमच्या इमारतीचा ताबा मिळण्यास दोन वर्षे उशीर झाला, तेव्हा आम्ही महारेराकडे तक्रार केली होती. तुम्हीही तेच करावे. पत्रव्यवहारात वेळ घालवू नये.

जुना साइट इंजिनिअर
वाशीकर, तुमचे प्रकरण विकासकाविरुद्धचे होते. विकत घेतलेल्या घरात आतील काम करणारा ठेकेदार हा त्या कायद्याच्या अर्थाने विकासक नव्हे, त्यामुळे ती वाट येथे उपयोगाची नाही.

मूळ मसुद्याविषयी बोलायचे तर त्यातील खरी उणीव भाषेच्या मवाळपणात नसून, ठेकेदाराला उत्तर देता येईल असा एकही नेमका प्रश्न त्यात नाही, ही आहे. ‘लवकरात लवकर’ याला ‘हो साहेब, पुढच्या आठवड्यात’ एवढे उत्तर पुरते. म्हणून आधी दोन गोष्टी कागदावर मांडा.

पहिली गोष्ट पैशांची. उरलेल्या कामांची किंमत मूळ दरपत्रकावरून काढा.

मानपाडा गृहस्थ
दरपत्रकानुसार रंगकाम ९५ हजार, शटरे १ लाख १० हजार, न्हाणीघरांतील जोडणी ४० हजार आणि लॅमिनेटचे काम ५५ हजार रुपये होते.

जुना साइट इंजिनिअर
म्हणजे ३ लाखांचे काम शिल्लक आहे आणि तुमच्याकडे उरलेत १ लाख ८० हजार. झालेल्या ६ लाखांच्या कामापोटी ७ लाख २० हजार दिले गेले, म्हणजे ठेकेदाराच्या हातात तुमचे १ लाख २० हजार रुपये आगाऊ आहेत. माणसे दुसऱ्या साइटवर का जातात, याचे उत्तर बहुधा येथेच आहे. तुमचे काम पूर्ण करण्यासाठी त्यांना आता स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागणार आहे. त्रासाचे वर्णन करण्यापेक्षा हे चार आकडे पत्रात असणे अधिक परिणामकारक ठरेल.

दुसरी गोष्ट क्रमाची. चारही कामे सारख्याच कारणाने अडलेली नसतात. न्हाणीघरात फरशी आणि सांधेभरणी झाली असेल, तर नळजोडणी दोन-तीन दिवसांत होते. तिला पावसाचे कारण लागू होत नाही. शटरे कारखान्यातून येत असतील, तर ओटा आणि फरशी बसल्यानंतर घेतलेल्या मापापासून साधारण तीन-चार आठवडे लागतात. म्हणून ‘शटरे कधी येणार’ यापेक्षा ‘माप कोणत्या तारखेला कारखान्यात गेले’ हा प्रश्न विचारावा. माप गेलेच नसेल, तर ते त्याच क्षणी उघड होईल. रंगकामाचे मात्र खरोखर वेगळे आहे. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा झोत बसतो, आणि भिंतीत ओल असताना पुट्टी ओढली तर दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात व क्षाराचे पांढरे फूल येते. तेथे घाई करवून घेणे हे तुमच्याच नुकसानीचे आहे.

ओल आहे की नाही हे तपासण्यासाठी, साधारण एक फूट लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि पूर्ण दिवसभर तसाच ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजू ओली असेल, तर तो हवेतील दमटपणा आहे. ही चाचणी ओलीचे मूळ सांगत नाही, आणि कोरड्या आठवड्यात ती फसवूही शकते. म्हणून पावसाच्या दोन-तीन दिवसांनंतरच ती घ्यावी.

ऐरोलीचा ठेकेदार
क्रमाविषयीचे म्हणणे मान्य आहे. परंतु ओल बाहेरील भिंतीच्या भेगेतून येत असेल, तर ती सोसायटीची बाब आहे, आतील ठेकेदाराची नव्हे. शिवाय गणपतीपूर्वी प्रत्येक घराला रंग हवा असतो. त्या गर्दीत रंगाऱ्यांची टोळी एका भिंतीच्या वाळण्यासाठी थांबून राहत नाही, हेही घरमालकांनी समजून घ्यावे.

कोलशेतकर
ही सगळी तांत्रिक चर्चा ठीक आहे, पण माझ्या मूळ मुद्द्याला कोणी हात लावलेला नाही. नवे वेळापत्रक स्वीकारल्यावर जुन्या उशिराची भरपाई मागता येते का?

ठाण्यातील वकीलबाई
कोलशेतकरांची शंका रास्त आहे, मात्र त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा आहे. करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ नुसार, वेळ हा कराराचा गाभा असताना काम मुदतीत झाले नाही, तर करार रद्द करण्याचा हक्क मिळतो. पण तो न वापरता तुम्ही उशिराचे काम स्वीकारलेत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही, अपवाद एवढाच की स्वीकारतानाच ती मागण्याचा इरादा कळवलेला असावा. वेळ हा गाभा नसेल, तर करार रद्द करता येत नाही, भरपाईचा हक्क मात्र उरतो. बांधकामाच्या करारांत वेळ हाच गाभा आहे, असे न्यायालये सहसा गृहीत धरत नाहीत. म्हणून दोन्ही शक्यतांसाठी पत्रात एक वाक्य असावे, की नवे वेळापत्रक मागणे म्हणजे मूळ मुदतीवरील हक्क सोडणे नव्हे. त्याचबरोबर वाजवी अंतिम मुदत देऊन, तीच निर्णायक राहील असेही लिहावे. दररोज १,००० रुपयांचा आकडा घालू नये. जास्तीचे घरभाडे आणि त्याच्या पावत्या ही सिद्ध करता येण्याजोगी हानी आहे.

जुना साइट इंजिनिअर
वरील सूचना घेऊन मसुदा पुन्हा लिहिला आहे. कामांच्या तारखा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत, कारण त्या ठेकेदाराने स्वतः भरल्या तरच त्यांना बांधील राहतील.

‘महोदय,
आपल्यातील करारानुसार आमच्या घराचे काम १५ मे रोजी पूर्ण व्हायचे होते. मार्चमध्ये आम्ही फरशीची निवड बदलल्याने १२ दिवस गेले, हे आम्ही मान्य करतो. ते धरूनही मुदत २७ मे रोजी संपते. आजपर्यंत आम्ही ७,२०,००० रुपये दिले असून आपल्याच दरपत्रकानुसार ३,००,००० रुपयांचे काम शिल्लक आहे.

कृपया १४ जुलैपर्यंत लेखी कळवावे : न्हाणीघरांतील जोडणी कोणत्या तारखेस सुरू होऊन कोणत्या तारखेस संपेल, शटरांचे माप कारखान्यात कोणत्या तारखेस दिले आणि ती कधी बसतील, कपाटांचे लॅमिनेट कधी पूर्ण होईल. बेडरूमच्या पश्चिम भिंतीची ओल आपण दोघांनी एकत्र तपासावी आणि ती कोरडी ठरल्यानंतरच पुट्टी सुरू करावी. त्या एका भिंतीसाठी तारखेऐवजी भिंत वाळल्यापासूनच्या दिवसांची संख्या द्यावी.

उर्वरित १,८०,००० रुपये एकेक काम पूर्ण होऊन तपासल्यानंतर, त्या कामाच्या किमतीच्या प्रमाणात देण्यात येतील. या पश्चिम भिंतीखेरीज सर्व कामे २० ऑगस्टपर्यंत पूर्ण व्हावीत. ही मुदत आम्ही निर्णायक मानतो. सुधारित वेळापत्रक मागितल्याने मूळ मुदतीनंतरच्या उशिराबद्दल भरपाई मागण्याचा आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही.’

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवावे आणि व्हॉट्सॲपवर त्याचे छायाचित्रही द्यावे.

कोलशेतकर
१२ दिवसांची कबुली स्वतःहून देण्याचे कारण काय? समोरच्याने सिद्ध करू द्यावे.

जुना साइट इंजिनिअर
फरशीच्या दुकानाची पावती त्यांच्याकडे असणारच. आपण लिहिले तर ते १२ दिवस राहतात. त्यांनी लिहिले तर ‘दीड महिना’ होतो.

ऐरोलीचा ठेकेदार
पत्र न्याय्य आहे, एक वाक्य सोडून. १ लाख ८० हजार रुपयेही कामानंतरच मिळणार असतील, तर शटरांसाठी कारखान्यात भरायची रक्कम कोठून आणायची? माझ्याकडे हे पत्र आले असते, तर मी शटरांचे काम सोडून दिले असते.

ठाण्यातील वकीलबाई
घरमालकाने ती रक्कम थेट कारखान्याला भरून हिशेबात वळती करावी, असा मार्ग निघू शकतो. मात्र त्यासाठी ठेकेदाराची लेखी संमती हवी.

मानपाडा गृहस्थ
पत्र ८ जुलैला पाठवले आणि १३ जुलैला उत्तर आले. नळजोडणीसाठी १८ ते २१ जुलै आणि लॅमिनेटसाठी ५ ऑगस्ट अशा तारखा दिल्या आहेत. शटरांचे माप अद्याप गेलेलेच नाही, हेही त्यात कबूल केले आहे. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूस थेंब आढळले. सोसायटीच्या सचिवांना बाहेरील भेग दाखवली असून पाऊस थांबल्याशिवाय दुरुस्ती होणार नाही, असे ते म्हणतात. कारखान्याला थेट पैसे भरण्यास ठेकेदार तयार आहेत, पण भरपाईचे वाक्य मागे घेतले तरच, अशी त्यांची अट आहे.

कोलशेतकर
मागे घेऊ नका.

ऐरोलीचा ठेकेदार
माप आज गेले तरी चार आठवडे धरता शटरे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतील. त्या वाक्यावरून आणखी आठवडाभर वाद घातलात, तर २० ऑगस्टची मुदत तुमच्याच हातून जाईल.