मदत हवी आहे: दुकानाच्या करंट खात्यातून दोन महिन्यांत १,७७० रुपये कापले, कोणत्या प्रकारचं खातं ठेवू?

वहीवाला_कराड

नमस्कार मंडळी. कराडला शाळेच्या रस्त्यावर माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. एका खासगी बँकेत दुकानाच्या नावाने करंट खातं आहे. त्या बँकेत तीन प्रकार मिळतात. वरच्याला लाखभर सरासरी शिल्लक लागते, त्यामुळे तो माझ्या विचारात नाही. माझं खातं मधल्या प्रकारातलं. महिन्याची सरासरी २५,००० ठेवायची, महिन्याला ३ लाखांपर्यंत रोख भरणा फुकट, पुढे हजाराला ४ रुपये. खालच्या प्रकारात सरासरी १०,००० चालते, पण फुकट भरणा १ लाखापर्यंतच, पुढे तोच दर.

मे महिन्याचे म्हणून ८८५ रुपये कापले, पासबुकात `AMB CHRG INCL GST` अशी नोंद आहे, म्हणजे सरासरी शिल्लक कमी पडल्याचा दंड. ३१ मेला खात्यात ६८,००० रुपये होते! मग शिल्लक कमी कशी? जूनचे परत ८८५ कापले, या वेळी रोख भरण्याचे. जूनमध्ये एकूण ४,२०,००० भरले. मर्यादेच्या वरचे १,२०,०००, हजाराला ४ म्हणजे ४८० आणि जीएसटी धरून साडेपाचशेच्या आसपास व्हायला हवेत. शाखेत विचारलं तर "सिस्टीमने कापलेत" एवढंच उत्तर मिळालं.

चूक कुठे झाली ते समजून घ्यायचं आहे. आणि खालच्या प्रकारात जाऊ का?

अमेय_पुणे

करंट खातं हवंच कशाला? २०२५ मध्ये कितीतरी सरकारी बँकांनी मिनिमम बॅलन्सचा दंड बंद केला, स्टेट बँकेने तर २०२० मध्येच. सेव्हिंग खातं काढा, क्यूआर त्याला जोडा, वर व्याजही मिळेल. माझा भाऊ मोबाईल रिपेअरिंगचं दुकान असंच चालवतो.

सांगलीचा_सुभाष

दादा, सीसी लिमिट करून घ्या. मला पाच लाखांचं मिळालंय. स्टॉक तारण दाखवायचा, व्याज वापरलेल्या रकमेवरच.

वहीवाला_कराड

सुभाषदादा, कर्ज नको आहे, कापलेल्या पैशांचा हिशोब कळायला हवा. अमेय, तसं चालतं का खरंच? मग आजच बदलतो.

निवृत्त_कॅशियर

थांबा, घाईने काही बदलू नका. मी एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली, त्यातली बरीच करंट खात्यांच्या टेबलावर.

अमेय म्हणतात ते दंडाबद्दल खरं आहे, पण ती माफी सेव्हिंगची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यापारी आस्थापनेच्या नावाने सेव्हिंग खातं उघडताच येत नाही, मग ती एकट्याच्या मालकीची असली तरी. स्वतःच्या नावावरच्या सेव्हिंगमध्ये गल्ला भरत राहिलात तर एक दिवस बँक विचारणार. शिवाय सेव्हिंगमध्ये वर्षाला १० लाख रोख भरली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. करंटला ही सीमा ५० लाख आहे. तुमच्यासारखं दुकान दहा लाख सहज ओलांडेल. त्यात गैर काही नाही, पण घरच्या खात्यात एवढी रोख कुठून आली याचं उत्तर तयार ठेवावं लागेल.

आता मे महिना. महिनाअखेरची शिल्लक कुणी बघत नाही. रोज रात्री खात्यात जे उरतं ते लिहायचं, ३१ दिवसांची बेरीज करायची आणि ३१ ने भागायचं. तुमचं पासबुक टाका, करून दाखवतो.

वहीवाला_कराड

मे महिन्यात व्यवहार फार नव्हते, काका. १ ते १२ तारखेपर्यंत ४०,००० होते. १३ ला वह्यांच्या होलसेलवाल्याचा चेक वटला आणि ४,००० उरले. ते २८ पर्यंत तसेच. २९ ला गल्ल्यातले ६४,००० भरले, मग ६८,००० झाले. ते पैसे पंधरा दिवस साठत होते. टेम्पोवाल्याला आणि दप्तरांच्या व्यापाऱ्याला रोख द्यावी लागेल असं वाटलं म्हणून ठेवले होते.

निवृत्त_कॅशियर

बघा आता. पहिले बारा दिवस ४०,०००, म्हणजे ४,८०,०००. पुढचे सोळा दिवस ४,०००, म्हणजे ६४,०००. शेवटचे तीन दिवस ६८,०००, म्हणजे २,०४,०००. बेरीज ७,४८,०००, भागिले ३१ केले की २४,१२९. तुम्ही ८७१ रुपयांनी कमी पडलात.

तोच गल्ला २८ तारखेला, एकच दिवस आधी, भरला असता तर बेरीज ८,१२,००० झाली असती आणि सरासरी २६,१९३. एक पैसा कापला गेला नसता.

तुम्हाला वाटेल की ८७१ कमी पडले तर दंडही तेवढ्याच मानाने हवा. सेव्हिंगला तसंच आहे. १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे सेव्हिंगमध्ये दंड तुटीच्या प्रमाणात लावायचा, आधी कळवायचं आणि शिल्लक भरून काढायला किमान एक महिना द्यायचा. करंटला हे संरक्षण नाही. तिथे बँकेचा दरपत्रक काय म्हणतो तेच चालतं. तुमच्याकडे ७५० सरसकट आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १३५, असे ८८५ झाले.

पुढच्या मे महिन्यासाठी सोपा उपाय सांगतो. वीस तारखेला बेरीज करा. २५,००० गुणिले ३१ म्हणजे ७,७५,००० जमायला हवेत. किती कमी पडताहेत ते पाहा आणि उरलेल्या दिवसांनी भागा. तेवढी शिल्लक उरलेले सगळे दिवस राहू द्या. तुम्ही दोन लाख एक दिवस ठेवले काय आणि वीस हजार दहा दिवस ठेवले काय, बेरजेत सारखंच.

वहीवाला_कराड

काका, हे दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही. मनापासून आभार. आणि जूनचं?

निवृत्त_कॅशियर

जूनमध्ये कितीवेळा भरणा केलात?

वहीवाला_कराड

शाळा सुरू व्हायच्या गर्दीत १३ तारखेपर्यंतच तीन लाख झाले. त्यानंतर पंधरा वेळा, दर वेळी ८,०००. दुकान बंद केलं की शाखेबाहेरच्या मशीनमध्ये टाकायचो. घरी एवढी रोख ठेवायची भीती वाटते.

निवृत्त_कॅशियर

तुमच्या दरपत्रकात हजाराला ४ च्या पुढे बारीक अक्षरात "किमान ५० प्रति व्यवहार" असं लिहिलेलं असणार. बघून सांगा.

वहीवाला_कराड

आहे! खरंच आहे.

निवृत्त_कॅशियर

मग आठ हजारांचे ३२ व्हायला हवेत, पण किमान ५० लागले. पंधरा वेळा ५० म्हणजे ७५०, त्यावर जीएसटी १३५. पुन्हा ८८५. रक्कम मेइतकीच आली हा योगायोग. हेच पैसे चाळीस-चाळीस हजार करून तीन वेळा भरले असते तर ४८० आणि जीएसटी मिळून ५६६ रुपये चाळीस पैसे झाले असते. साडेबारा हजारांच्या खाली कितीही भरलंत तरी पन्नासच लागणार, हे लक्षात ठेवा. मात्र मर्यादा संपेपर्यंत रोज भरायला काही हरकत नाही. आणि काही बँकांत भरण्याच्या संख्येवरही मर्यादा असते, तेही दरपत्रकात शोधा.

रोख घरी ठेवण्याची भीती रास्त आहे. ३०० रुपये वाचवायला चाळीस हजार रात्रभर घरात ठेवायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर जूनचे हे पैसे सुरक्षिततेची किंमत म्हणून दिले असते.

रोहिणी_शिवणकाम

माझंही विचारू का? मी घरून ब्लाउज शिवते. महिन्याला तीस-चाळीस हजार येतात, जवळजवळ सगळे यूपीआयने माझ्या सेव्हिंग खात्यात. रोख नगण्य. मलाही करंट काढावं लागेल का? १०,००० अडकवून ठेवणं मला जड जाईल.

निवृत्त_कॅशियर

ताई, तुमची उलाढाल लहान आहे, बँका इतक्या लहान कामाला सहसा हटकत नाहीत. पण दुकानाच्या नावाची पाटी लावलीत, बिलं देऊ लागलात, तर वेगळं खातं बरं. उद्यम नोंदणी मोफत होते, ऑनलाइन करून ठेवा, पुढे खातं उघडताना उपयोगी पडेल. सहकारी बँकांत आणि काही सरकारी बँकांत कमी शिल्लकेची करंट खाती असतात, दोन-तीन शाखांत विचारा.

रोहिणी_शिवणकाम

बरं काका. उद्यम करून ठेवते.

वहीवाला_कराड

आता मुख्य प्रश्न. खालच्या प्रकारात जाऊ का? एरवी महिन्याला साधारण १,४०,००० रोख भरतो.

निवृत्त_कॅशियर

खालच्यात गेलात तर एरवीच्या महिन्यात ४०,००० मर्यादेच्या वर जातील. मोठ्या भरण्यांत भरले तरी १६० आणि जीएसटी, म्हणजे १८८ रुपये ८० पैसे दर महिन्याला. जूनमध्ये ३,२०,००० वर जातील, तिथे १,५१० रुपये. उलट मधल्यात राहिलात तर १५,००० जास्त अडकतात. ते साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले असते तर वर्षाला ९७५ मिळाले असते. मधलंच खातं स्वस्त पडतं, पण सरासरी चुकवायची नाही या अटीवर. दोन महिने चुकलात की तो फायदा जवळजवळ संपला.

आणि शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या. मे महिन्यात किती तूट होती ती आकडेमोड जोडा आणि ८८५ परत मागा. पहिल्यांदाच झालं असेल तर बरेचदा परत करतात. जूनचे परत मिळणार नाहीत, ते दरपत्रकाप्रमाणे आहेत.

अमेय_पुणे

माझं चुकलं, सेव्हिंग आणि करंटचे नियम वेगळे असतात हे लक्षात नव्हतं. पण एक शंका. दुकानाचा क्यूआर बँकेचाच असेल तर दहा-वीस रुपयांच्या झेरॉक्सची प्रत्येक नोंद वेगळी पडते. करंट खात्यात व्यवहारांच्या संख्येलाही मर्यादा असते ना? त्या नोंदी धरतात का?

निवृत्त_कॅशियर

चांगला प्रश्न आहे. आमच्या वेळी खात्याचं एक पान चाळीस नोंदींचं धरायचे आणि फुकट पानं संपली की पानामागे पैसे लागायचे. आजही काही बँकांत ही लेजर फोलिओची आकारणी आहे. काही बँका यूपीआयच्या जमा नोंदी त्यातून वगळतात, काही तसं लिहीत नाहीत. दिवसअखेर एकच रक्कम जमा करणाऱ्या कंपनीचा क्यूआर असेल तर नोंद एकच पडते.

वहीवाला_कराड

माझा क्यूआर बँकेचाच आहे, आणि शाळा सुरू झाल्यापासून रोज साठ-सत्तर नोंदी पडतात. दुपारी शाखेत फोन केला. एकाने सांगितलं यूपीआय मोजत नाहीत, दुसरे म्हणाले अडीचशे नोंदींनंतर मोजतात. दरपत्रकात याबद्दल ओळ सापडली नाही. उद्या ८८५ चा अर्ज घेऊन जाणार आहे, तेव्हा हेही लेखी मागतो. काही कळलं की इथेच लिहीन.