मदत हवी आहे: पर्यायांत 'व्हॉइड' आणि 'व्हॉइडेबल'साठी मराठीत काय लिहू?

शिकवणी_कायद्याची
मी मराठी माध्यमाच्या मुलांना कायदा शिकवते. इंग्रजी संज्ञा पर्यायांत मराठीत कशा आणाव्यात यावर त्यांच्यासाठी एक टिपण लिहितेय आणि एका प्रश्नापाशी अडकलेय. सराव चाचणीत मी विचारलं होतं: "बळजबरीने संमती मिळवून केलेला करार कसा असतो?" पर्याय होते रद्द, रद्द होण्याजोगा, बेकायदेशीर आणि वैध. भारतीय संविदा अधिनियम 1872 च्या कलम 19 प्रमाणे उत्तर दुसरं. पण चांगल्या मुलांनीही पहिलं निवडलं. एकीने कारण सांगितलं, "मॅडम, धमकावून सही घेतली असेल तर माणूस तो करार रद्दच करणार ना?" तिला कायदा समजला होता, चूक माझ्या शब्दाची होती. आता तिथे काय लिहू?

नोट्सवाला
'व्हॉइड'ला सरळ 'अवैध' लिहा. सगळ्यांना कळतं.

जुना_भाषांतरकार
'अवैध' वाचून मुलं 'बेकायदेशीर'कडे जातील, आणि तो तुमचा तिसरा पर्याय आहे. पैजेचा करार घ्या. कलम 30 प्रमाणे तो व्हॉइड, म्हणजे जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल होत नाही. पण तेवढ्याने तो बेकायदेशीर ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने घेरुलाल पारख प्रकरणात 1959 मध्ये सांगितलं. बेकायदेशीर करार व्हॉइड असतोच, उलटं मात्र नेहमी खरं नसतं.

मॅडम, तुमची खरी अडचण 'रद्द' या शब्दात आहे. मराठीत रद्द तेच होतं जे आधी होतं. गाडी रद्द झाली म्हणजे ती आधी सुटणार होती. व्हॉइड करार कायद्याच्या नजरेत कधी उभाच राहिलेला नसतो, म्हणून त्याला 'शून्य'. बळजबरीचा करार मात्र उभा असतो आणि ज्याच्यावर बळजबरी झाली त्याने मोडेपर्यंत उभाच राहतो, म्हणून तो 'शून्यकरणीय'. तुमची विद्यार्थिनी 'रद्द' म्हणाली तेव्हा तिच्या मनात ही मोडण्याची कृती होती.

मी एक करतो. इंग्रजी प्रश्न न पाहिलेल्या माणसाला फक्त मराठी पर्याय देतो आणि मूळ शब्द ओळखायला सांगतो. 'रद्द'वरून तीन वेगळे इंग्रजी शब्द निघतात. असा शब्द पर्यायात ठेवू नये.

तलाठी_परीक्षार्थी
'शून्यकरणीय' मी पहिल्यांदाच वाचला. परीक्षेत असा शब्द दिसला की घाम फुटतो. 'रद्द होण्याजोगा' निदान कळतो तरी.

जुना_भाषांतरकार
कळतो, पण अर्धाच. तो करार कोणाच्या हातून रद्द होण्याजोगा? कायद्यात ती मुभा ज्याची संमती तशी मिळवली त्यालाच आहे, धमकावणाऱ्याला नाही. पर्याय लांबला तरी चालेल, पण 'संमती देणाऱ्या पक्षाच्या इच्छेनुसार शून्यकरणीय' असं लिहा. आणि सगळे पर्याय साधारण तेवढेच लांब करा, नाहीतर मुलं लांबीवरून उत्तर ओळखतात.

शेतातली_वाट
माझ्याबाबतीत हेच झालंय. मी लहान असताना वडिलांनी माझ्या नावावरची जमीन कोर्टाची परवानगी न घेता विकली. आता मी 20 वर्षांचा आहे. ते खरेदीखत आपोआप शून्य ना?

नोट्सवाला
हो, अल्पवयीनाचा करार शून्यच. मोहोरी बीबी, 1903.

जुना_भाषांतरकार
ते प्रकरण अल्पवयीनाने स्वतः केलेल्या गहाणाचं. इथे विक्री वडिलांनी, म्हणजे पालकाने केली. हिंदू कुटुंब असेल तर 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 8 बघावं लागेल, आणि तिथला शब्द व्हॉइडेबल आहे. म्हणजे खत आपोआप पडत नाही, तुम्हाला ते कोर्टात मोडून घ्यावं लागेल. त्यासाठी सज्ञान झाल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. 'शून्यच' समजून घरी बसू नका. जमीन खरंच तुमच्या एकट्याची होती की एकत्र कुटुंबातला हिस्सा, त्यावरही बरंच ठरेल. कागद घेऊन या आठवड्यातच वकिलांना भेटा.

शिकवणी_कायद्याची
हे उदाहरण नाव न घेता टिपणात घालू का? एका शब्दाने मुदत हुकते हे त्यांना लगेच पटेल. आणखी एक अडचण आहे. कलम 19 मध्ये 'अ‍ॅग्रीमेंट' आणि 'काँट्रॅक्ट' दोन्ही आहेत आणि मी दोन्हीला 'करार' लिहिते.

जुना_भाषांतरकार
पहिल्याला करार, दुसऱ्याला संविदा. बळजबरीचा करार ही शून्यकरणीय संविदा असते, असं ते वाक्य बसतं.

तलाठी_परीक्षार्थी
पण आमच्या पुस्तकात कायद्याचं नावच 'भारतीय करार कायदा' आहे. मग पेपरात 'करार' आला तर कुठला समजायचा?

शेतातली_वाट
उदाहरण घाला, हरकत नाही. वकिलांची परवाची वेळ घेतली.