मदत हवी आहे : ‘जननी जन्मभूमिश्च’ ही ओळ वाल्मीकि रामायणात नक्की कुठे आहे?

चोपड्याचा_भाऊ
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात माजी सैनिकांनी शहीद स्मारकाचा चौथरा बांधलाय. मागच्या संगमरवरी पाटीवर ‘जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी’ ही ओळ यायची, यावर सगळ्यांचं एकमत आहे. अध्यक्षांचा आग्रह असा की खाली ‘वाल्मीकि रामायण, युद्धकांड’ असंही कोरायचं, जमलं तर सर्ग आणि श्लोकासकट. शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आजोबांची गीता प्रेसची प्रत काढली, रावणवधापासून राज्याभिषेकापर्यंत बोट ठेवून वाचलं, पण ओळ काही दिसली नाही. नजर चुकली की तिथे नाहीच? दगडावर कोरलेलं खोडता येत नाही, म्हणून विचारतोय.

सातपुडा_७७
आहे की! लंका जिंकल्यावर राम म्हणतो, ‘अपि स्वर्णमयी लङ्का न मे लक्ष्मण रोचते’. त्याचा उत्तरार्ध म्हणजे तुमची ओळ. लहानपणापासून कीर्तनात ऐकतोय. बिनधास्त कोरा.

केळीवाला_रावेर
आमना गावमा बी हाईच लिखेल शे, शाळेच्या कमानीवर. खाली नाव-गाव काही नाही, आजवर कोणी विचारलंही नाही. भाऊ, कोरायचा भाव काय लागला? आमच्याकडच्या कारागिराने अक्षरावर पैसे लावले आणि प्रत्येक जोडाक्षर दोन धरलं. संस्कृत महागात पडतं.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
भाऊसाहेब, तुमची नजर चुकलेली नाही. गीता प्रेसच्या पाठात ही ओळ नाही. बडोद्याच्या चिकित्सक आवृत्तीत युद्धकांड प. ल. वैद्यांनी संपादित केलं, ते १९७१ साली निघालं. त्याच्या मुख्य पाठातही नाही. अशा आवृत्तीत गाळलेले श्लोक तळटीपांत आणि परिशिष्टांत दिलेले असतात, त्यामुळे नुसता वरचा मजकूर चाळून ‘नाही’ म्हणायचं नसतं, तेही बघायचं.

आता गंमत बघा. या ओळीला दोन वेगवेगळे पूर्वार्ध जोडलेले सापडतात. एक वर सांगितलाय तो, रामाच्या तोंडचा. दुसरा ‘मित्राणि धनधान्यानि प्रजानां सम्मतानिव’, आणि तो भरद्वाज ऋषी रामाला उद्देशून म्हणतात. त्याला १९३० च्या एका मद्रासी आवृत्तीचा दाखला देतात, युद्धकांड १२४, श्लोक १७. म्हणजे ‘कुठल्याच छापील रामायणात नाही’ असंही ठोकून देऊ नका. पण एकच उत्तरार्ध दोन प्रसंगांत, दोन वक्त्यांच्या तोंडी फिरत असेल, तर मला ते सुट्या सुभाषिताचं लक्षण वाटतं. लोक त्याला सोयीची जागा शोधून देतात.

सोन्याच्या लंकेचा प्रसंग तर गोष्टीतही बसत नाही. विभीषणाला लंकेचा राजा म्हणून अभिषेक युद्धाआधी समुद्रकाठीच झालेला. लंका रामाला द्यायला उरली होती कुठे? युद्धानंतर विभीषण फक्त स्नान, उटणी, वस्त्रं घ्या म्हणून विनवतो. राम म्हणतो, भरत तिकडे कष्टात असताना मला स्नान गोड लागणार नाही. मन भरताकडे, मातांकडे आणि अयोध्येकडेच ओढलंय, पण सोनं आणि स्वर्ग यांची तुलना तिथे नाही.

सातपुडा_७७
मास्तर, मग एवढे कीर्तनकार काय हवेतून सांगतात? तुलसी रामायणात तर पक्कं आहे. विमानातून अयोध्या दिसल्यावर राम वानरांना सांगतो, वैकुंठाची सगळे थोरवी गातात, पण मला अवधपुरीइतकं ते प्रिय नाही. जन्मभूमी शब्दही आहे तिथे.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
बरोबर, ते उत्तरकांडात आहे. पण ती तुलसीदासांची अवधी चौपाई, ही संस्कृत ओळ नव्हे. भाव जुळला म्हणून नाव वाल्मीकींचं कसं लावायचं?

वाचक_नंदुरबार
नेपाळच्या राष्ट्रचिन्हावर हीच ओळ आहे ना? बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठा’तही भवानंदाच्या तोंडी येते, १८८२ ची कादंबरी. म्हणजे निदान तेवढी जुनी आहेच.

धुळेकर_पोथीवाला
एक वाट राहिली. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकि रामायण जपून ठेवलंय. त्यातला भरद्वाजाश्रमाचा सर्ग मिळाला तर बघा. राम चौदा वर्षं पुरी झाल्यावर पंचमीला तिथे पोचतो, ही खूण धरा. पुढे भरद्वाज वर देतात, अयोध्येच्या वाटेवरची झाडं अवेळी फळतात. ओळ असली तर याच्या मधेच कुठेतरी असेल. पोथीत शब्द तोडलेले नसतात, म्हणून ‘गरीयसी’वर नजर ठेवा.

चोपड्याचा_भाऊ
मास्तर, आभार. अध्यक्षांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘गीता प्रेसवाल्यांकडून राहिली असेल.’ आता कारागिराला सांगतो, ओळ कोर आणि खालची पट्टी कोरी सोड. धुळेकर, पोथी बघायला आधी अर्ज द्यावा लागतो का? आणि केळीवाले, आमच्याकडे जोडाक्षराला दीडच धरलंय.