आबांच्या रिपोर्टात एम बँड, इम्युनोफिक्सेशन सांगली-मिरजेत कुठं करू?

तासगावचा_बेदाणा: आबा ६८ वर्षांचे. अशक्तपणा होता म्हणून डॉक्टरांनी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करायला लावलं. रिपोर्टात लिहिलंय, ‘बीटा आणि गॅमाच्या मधे बारीक बँड, ०.३ ग्रॅम, इम्युनोफिक्सेशन करावे’. बजेट तीन हजार. चांगली लॅब सुचवा. आणि खरंच गरज आहे का?

कृष्णाकाठ: एम बँड म्हणजे मायलोमा. आमच्या चुलत्यांना तोच निघाला. वेळ घालवू नका, सरळ पुण्याला नेऊन बोन मॅरो करा. पैशाचं काय घेऊन बसलाय!

हळदपेठ: प्रोटीन वाढलंय तर डाळी बंद करा की.

विट्याची_सून: घाबरू नका. माझ्या मावशीचंही गॅमा वाढलेलं, लिव्हरमुळं. काही निघालं नाही.

मिरज_लॅबवाला: वीस वर्षं हेच काम करतोय. वहिनी, मावशींचा आलेख दंडोबाच्या डोंगरासारखा पसरट असणार. लिव्हरच्या आजारात, जुन्या इन्फेक्शनमध्ये अनेक प्रकारच्या अँटीबॉडी एकदम वाढतात, म्हणून पसरट. एकाच पेशीच्या पिल्लावळीनं एकच अँटीबॉडी बनवली की बारीक सुळका येतो, तो एम बँड. पण बीटा-गॅमाच्या मधला सुळका फसवा असतो. बेदाणा, रक्त कुठल्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं होतं?

तासगावचा_बेदाणा: जांभळ्या, पक्कं आठवतंय. लाल होती का ते नाही आठवत.

मिरज_लॅबवाला: जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठत नाही, त्यामुळं फायब्रिनोजेन तसंच राहतं आणि नेमकं त्याच जागी बँड देतं. तेही साधारण ०.२ ते ०.४ ग्रॅमच. लाल ट्यूब असली तरी नीट गोठायच्या आत फिरवली तर तीच गत. आधी लाल ट्यूबमधून साधी टेस्ट परत करा. बँड गेला तर विषय संपला.

कृष्णाकाठ: आणि राहिला तर? शेवटी बोन मॅरोच ना!

मिरज_लॅबवाला: नाही. राहिला तर इम्युनोफिक्सेशन. तोच नमुना सहा पट्ट्यांत चालवतात. एकीत सगळी प्रोटीन दिसतात. बाकी पाचांत जी, ए, एम हे अँटीबॉडीचे प्रकार आणि कप्पा, लॅम्डा हे तिचे भाग, यांना पकडणारी एकेक अँटीबॉडी टाकतात. जुळेल ते तिथंच साकळतं, उरलेलं धुऊन जातं. जी आणि कप्पात एकाच उंचीवर रेघ आली, तर तो खरा आणि आयजीजी कप्पा. पाचांत कुठंच नाही, तर बहुधा फायब्रिनोजेन. जी, ए, एममध्ये नाही पण नुसत्या कप्पात किंवा लॅम्डात रेघ आली, तर क्वचित आयजीडी किंवा आयजीई असू शकतं. किती आहे ते मात्र यातून कळत नाही, ते पहिल्याच टेस्टच्या आलेखावरून मोजतात. आणि बँड खरा निघाला तरी एवढ्याशा बँडवर लगेच मायलोमा ठरत नाही. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन बघून डॉक्टर ठरवतील.

कृष्णाकाठ: चुलत्यांच्या वेळी असंच ‘बघू बघू’ केलं होतं.

तासगावचा_बेदाणा: आबा म्हणतात, सुई एकदाच टोचायची. म्हणून थेट इम्युनोफिक्सेशनच करतोय, जुन्याच लॅबमध्ये. तिथला पोरगा घरी येतो. लाल ट्यूब मागून घेतो.

मिरज_लॅबवाला: करा, पण नवीन रक्तावर. फ्रीजमधल्या जुन्या नमुन्यावर ‘ॲड’ करू देऊ नका.

विट्याची_सून: दादा, मावशीचा जुना रिपोर्ट टाकते, बघता का जरा?