कोआनला 'कोडं' म्हणावं का?

खडीसाखर: झेनवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. गुरू शिष्याला ध्यानासाठी देतात त्या प्रश्नाला, म्हणजे 'कोआन'ला, मी 'कोडं' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'कूटप्रश्न' केलं, आणि 'सातोरी'चं 'साक्षात्कार'. दोन्ही कानाला जड वाटतात. शिवाय कोड्याला उत्तर असतं, याला नसतंच ना?

निर्गुणनाना: असतं की! जोशू या जुन्या झेन गुरूला विचारलं, कुत्र्याच्या ठायी बुद्धस्वभाव आहे का? तो म्हणाला 'मू', म्हणजे शून्य. झालं उत्तर.

पायवाट: नाना, 'मू' म्हणजे 'नाही'. शून्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. शिवाय याच जोशूच्या नावावर दुसरीकडे 'आहे' असंही उत्तर आहे, म्हणजे अर्थ लावत बसलं की फसलंच.

झेनच्या रिंझाई पंथात नवख्याला बहुधा हा 'मू' नाहीतर हाकुइन या गुरूचा 'एका हाताचा आवाज' देतात. मी एका शिबिरात सात दिवस 'मू' घेऊन बसलो होतो. रोज गुरूंसमोर एकट्याने जायचं. पहिल्या दिवशी मी अद्वैत सांगायला लागलो, तर वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी घंटी वाजवली. म्हणजे निघा. तिसऱ्या दिवशी कुठेतरी वाचलेलं आठवून जोरात 'मू!' म्हणून ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "बरं, मग मू उंचीला केवढा?" माझी बोबडी वळली. पुन्हा घंटी.

1916 साली जपानात कोआनांची उत्तरं छापलेलं पुस्तकच निघालं होतं. पण पाठांतर या उपप्रश्नांत उघडं पडतं.

मूळ चिनी शब्द 'गोंग-आन', म्हणजे सरकारी दफ्तरातला खटला. मी 'दाखला' म्हणेन.

खडीसाखर: 'दाखला' म्हटलं की मला तलाठी दिसतो हो!

चिंचोका: 'उखाणा' घ्या ना. नाव घेण्याचा नव्हे, जुना. आजी कोड्यालाच उखाणा म्हणायची. लग्नाआधी सासरी मला "उखाणा घे" म्हणाले, तर मी कोडं घातलं. सगळे गप्प.

पायवाट: तुमच्या सासरी कोआनच झाला म्हणायचा!

शुद्धमती: चेष्टा पुरे. 'साक्षात्कार' हा आपला सिद्ध शब्द आहे. तो का टाळायचा?

पायवाट: कारण त्यात देव समोर उभा राहतो, आणि एकदा झाला की संपलं असं वाटतं. 'सातोरी' आला 'सातोरु' या साध्या क्रियापदावरून, म्हणजे उमजणे. हाकुइन तर आपल्या मोठ्या-लहान अनेक सातोरी सांगतो. पहिला कोआन सुटला की गुरू दुसरा हातात देतात. म्हणून 'उमज'.

शुद्धमती: 'उमज' फार घरगुती आहे. गणित सुटलं तरी उमजच.

निर्गुणनाना: आणि अचानकपणा कुठे गेला त्यात? ट्यूब पेटल्यासारखं व्हायला हवं.

पायवाट: अचानक खरं, पण आधी 'मोठा संशय' पिकावा लागतो. मूमोन हा झेन गुरू सहा वर्षं याच 'मू'वर अडला होता.

चिंचोका: त्या सासरच्या कोड्याचं उत्तर कुणाला येतंय का? 'तीन भाऊ, एक पागोटं.'

निर्गुणनाना: चूल!