मदत हवी आहे: एन्टेलमेंट, प्रीसपोझिशन आणि इम्प्लिकेचर. नकाराची कसोटी लावूनही उत्तर चुकलं

सई_डिचोली

नमस्कार. एम.ए.च्या दुसऱ्या सत्राला आमचा अर्थविचाराचा पेपर आहे, पुढच्या सोमवारी. मी उजळणीसाठी एक पान तयार करतेय. वाक्यातून निघतोच तो अर्थ म्हणजे एन्टेलमेंट, वाक्य आधीच गृहीत धरतं ते प्रीसपोझिशन आणि नुसतं सुचतं ते इम्प्लिकेचर. या तिन्ही गोष्टींना एकेक पक्की कसोटी असावी, परीक्षेत वाक्य समोर आलं की लगेच लावता यावी, एवढीच अपेक्षा आहे. पण पहिल्याच उदाहरणात अडकले.

अंतर्गत परीक्षेत आम्हाला स्वतःचं मराठी वाक्य घ्यायला सांगितलं होतं. आमच्या दारात सकाळी पाववाला पोदेर उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन येतो, त्याच्यावरून मी लिहिलं, 'काही उंडे शिळे निघाले.' हे ऐकल्यावर आपण समजतो की सगळे शिळे नव्हते. हे समजणं कुठल्या प्रकारचं? मी नकाराची कसोटी लावली. 'काही उंडे शिळे निघाले नाहीत.' इथेही सगळे शिळे नव्हते हे उरतंच. नकारात जे टिकतं ते प्रीसपोझिशन असं वर्गात शिकवलेलं, म्हणून तसं लिहिलं. सरांनी शून्य दिलं आणि शेजारी फक्त 'इम्प्लिकेचर' लिहिलं. कारण विचारायला गेले तर ते रजेवर. उत्तर मला पाठ करायचं नाही, कसोटी कुठे फसली ते समजून घ्यायचंय.

हर्षद_म्हापसा

सई, तुझं बरोबर वाटतंय मला. मी नेटची तयारी करताना हेच लक्षात ठेवलं होतं. वाक्याला 'नाही' लाव, टिकलं तर प्रीसपोझिशन, गेलं तर एन्टेलमेंट. इम्प्लिकेचर म्हणजे आडून बोलणं. आई म्हणते 'दार उघडं आहे' आणि आपण उठून लावतो, तसं. तुझ्या वाक्यात आडून काहीच नाही. सर परत आले की पेपर घेऊन भेट.

अबोली_साखळी

मी मराठी साहित्याची. आमच्याकडे हे फार जुनं आहे. अभिधा, लक्षणा, व्यंजना. सूर्य मावळला असं म्हटलं की गुराख्याला गुरं घरी न्यायची वेळ कळते आणि पुजाऱ्याला सांजवातीची. तुझ्या तीन गोष्टी या तिघींवर बसव, कायमच्या लक्षात राहतील.

माधवी_फोंडा

सई, मी हा विषय बरीच वर्षं शिकवला. सरांचं उत्तर बरोबर आहे, आणि तू फसलीस ती जागा नीट बघण्यासारखी आहे.

तू 'नाही' लावलंस ते क्रियापदाला. मराठीत 'काही' त्या नकाराच्या हाती लागत नाही, बाहेरच राहतं. 'काही उंडे शिळे निघाले नाहीत' याचा अर्थ होतो, असे काही उंडे आहेत जे ताजे निघाले. हा तुझ्या मूळ वाक्याचा नकार नव्हेच, हे वेगळं विधान आहे. त्यातून 'सगळे शिळे नव्हते' हे सरळ अर्थानेच येतं.

बरं, खरा नकार घेऊ. 'एकही उंडा शिळा निघाला नाही.' आता बघ, 'सगळे शिळे नव्हते' हे इथेही खरंच आहे, कारण एकही शिळा नसेल तर सगळे कुठून असणार? म्हणजे नकार कसाही घेतलास तरी ते वाक्य उरतं, आणि उरण्याचं कारण प्रत्येक वेळी वेगळं असतं. 'काही'सारख्या शब्दांपुढे नकाराची कसोटी आंधळी होते. प्रीसपोझिशनसाठी नकारावर विसंबू नकोस, 'तर' वापर.

एकच वाक्य घेते, त्यात तिन्ही गोष्टी आहेत. 'आज परत काही उंडे शिळे निघाले.' यातून तीन गोष्टी कळतात. निदान एक उंडा शिळा होता. यापूर्वीही शिळे निघाले होते. आणि सगळे शिळे नव्हते.

आता सकाळी कामावर निघताना घरच्यांना सांगितल्यासारखं म्हण. 'आज परत काही उंडे शिळे निघाले, तर पोदेराला सांग.' आज एक तरी शिळा आहे असं तू आता म्हणतेयस का? नाही, ते गेलं. सगळे शिळे नसतील असं? तेही गेलं. सगळेच शिळे निघाले तर पोदेराला सांगायचं नाही, असा अर्थ कोणी घेणार नाही. पण यापूर्वी शिळे निघाले होते, हे तसंच उभं आहे. ऐकणारा त्याच्यासकटच वाक्य घेतो. 'तर'मध्ये घालूनही जे हलत नाही ते प्रीसपोझिशन. इथे ते 'परत' या शब्दाने आणलंय.

इम्प्लिकेचरला 'किंबहुना'. 'आज परत काही उंडे शिळे निघाले, किंबहुना सगळेच.' कोणाला खटकलं? वक्त्याने आपणच सुचवलेलं आपणच मागे घेतलं आणि वाक्य शाबूत राहिलं. तत्त्वज्ञ ग्राइसचं म्हणणं होतं की असा अर्थ शब्दात नसतो. समोरचा पुरेसं सांगतोय हे आपण धरून चालतो, सगळे शिळे असते तर त्याने 'सगळे' म्हटलं असतं, म्हणून तो निघतो. हर्षद, आडून बोलणं हा याचा एक प्रकार झाला. 'काही'मधून 'सगळे नाही' निघणं हाही त्यातलाच, फक्त इतका रोजचा की आपल्याला तो शब्दाचा अर्थच वाटतो.

एन्टेलमेंटला 'पण'. 'आज परत काही उंडे शिळे निघाले, पण एकही शिळा नव्हता.' हे कोणत्याही स्वरात म्हण, बोलणाऱ्याने स्वतःचंच वाक्य मोडलं.

अबोली, व्यंजना आणि इम्प्लिकेचर यांचं नातं खरंच जवळचं आहे. गुराखी आणि पुजारी वेगळं ऐकतात, कारण प्रसंग वेगळा आहे. पण लक्षणेला इथे जोडीदार नाही आणि प्रीसपोझिशनला तिथे नाही. तिघींवर तीन बसवायला गेलं की मधली जागा जबरदस्तीने भरावी लागते, आणि सई नेमकी तिथेच घसरेल.

काणकोणचे_काका

मला यातलं फार समजत नाही, पण 'यापूर्वीही' यावरून आठवलं. आमच्या इमारतीच्या समितीकडून पत्र आलंय, 'तुम्ही जिन्यात कचरा ठेवणं केव्हा बंद करणार?' मी कधी ठेवलाच नाही. उत्तर काय लिहू? 'आजपासून' लिहिलं तरी मी अडकतो आणि 'करणार नाही' लिहिलं तरी अडकतो.

माधवी_फोंडा

काका, 'बंद करणे' हे 'परत'सारखंच आहे. आधी ते चालू होतं हे ते गृहीत धरतं, आणि प्रश्नातही ते टिकतं. म्हणून 'केव्हा'चं उत्तर देऊच नका. 'मी जिन्यात कचरा कधी ठेवलेला नाही, त्यामुळे हा प्रश्न मला लागू होत नाही,' एवढं लिहा. सई, उजळणीच्या पानावर हे उदाहरण घेऊ शकतेस.

हर्षद_म्हापसा

माधवीताई, 'काही'चं पटलं. मी नकाराला सरसकट धरून बसलो होतो. पण एक अडचण आहे. प्रीसपोझिशनही मागे घेता येतं की. 'आज परत शिळे निघाले नाहीत, आधी कधी निघालेच नव्हते!' हे मी बोलू शकतो. मग 'किंबहुना'च्या कसोटीत तेही सापडेल आणि दोन्ही एकच ठरतील.

माधवी_फोंडा

चांगली शंका आहे. तू वाक्य नकारार्थी केलंस आणि मग मागे घेतलंस. नकाराच्या आडोशाला ते जमतं, तेही आवाज चढवून, 'च'वर जोर देऊन, समोरच्याचं म्हणणं खोडताना. आता होकारार्थी करून बघ. 'आज परत शिळे निघाले, किंबहुना आधी कधी निघालेच नव्हते.' मोडलं ना? म्हणून 'किंबहुना' नेहमी साध्या होकारार्थी वाक्याला लावायचं. इम्प्लिकेचर तिथेही मागे घेता येतं, प्रीसपोझिशन येत नाही.

यातूनच पुढची गोष्ट निघते, आणि ती पानावर मोठ्या अक्षरांत लिही. 'पण' एकट्याने पुरत नाही. 'आज परत शिळे निघाले, पण आधी कधी निघाले नव्हते' हेही मोडतंच. म्हणजे 'पण'ला एन्टेलमेंट आणि प्रीसपोझिशन सारखीच दिसतात. म्हणून क्रम ठेव. आधी 'किंबहुना', मागे घेता आलं तर इम्प्लिकेचर, तिथेच थांब. नाही आलं तर 'तर'मध्ये घाल. टिकलं तर प्रीसपोझिशन. तिथेही टिकलं नाही, तरच 'पण' लावून एन्टेलमेंटची खात्री कर.

'तर'लाही एक मर्यादा आहे. 'काल शिळे निघाले असतील आणि आज परत निघाले, तर पोदेर बदलू.' इथे काल शिळे होते असं तू म्हणत नाहीस, कारण 'परत'ला जे हवं ते वाक्यातच आधी सांगून झालंय. भाषाशास्त्रज्ञ कार्तुनेनने १९७३ साली गृहीत कधी जाऊ देणाऱ्या, कधी असं अडवणाऱ्या जोडशब्दांना गाळणी म्हटलं. परीक्षेत 'तर'च्या आधीच्या भागात दोन वाक्यं जोडलेली दिसली तर सावध राहा.

सई_डिचोली

ताई, आता कळलं. माझ्या जुन्या वाक्यावर करून बघितलं. 'काही उंडे शिळे निघाले, किंबहुना सगळेच.' चालतं, म्हणून इम्प्लिकेचर, आणि तिथेच थांबायचं होतं. मी थेट नकारावर गेले.

मग पुढचं वाक्य घेतलं, 'पोदेराने चार उंडे दिले', आणि परत अडकले. यातून 'पाच दिले नाहीत' हे कळतं. 'चार दिले, किंबहुना पाच' हे चालतंय असं वाटतं, म्हणजे इम्प्लिकेचर. पण आज सकाळी आईने विचारलं, 'चार दिले ना त्याने?' आणि मी सहज म्हटलं, 'नाही, पाच दिले.' चारचा अर्थ 'निदान चार' असता तर मी 'हो' म्हणायला हवं होतं. 'काही उंडे शिळे होते का?' याला 'नाही, सगळे होते' असं मी इतक्या सहज म्हणणार नाही.

हर्षद_म्हापसा

मीपण 'नाही, पाच' असंच म्हणेन. मला वाटतं चार म्हणजे बरोबर चार, शब्दाचा अर्थच तो. एन्टेलमेंट लिही.

माधवी_फोंडा

इथे अभ्यासकही एकमताचे नाहीत, हर्षद. जुनी ग्राइसच्या वळणाची मांडणी आकड्यांना 'काही'सारखंच धरते, म्हणजे अर्थ 'निदान चार' आणि बाकीचं इम्प्लिकेचर. 'बरोबर चार' हाच मूळ अर्थ मानणारेही आहेत, आणि सईने आईला जे उत्तर दिलं तशी उत्तरं ते पुरावा म्हणून दाखवतात. तिसरा पक्ष म्हणतो की आकड्याचा अर्थ प्रसंग ठरवतो. 'चार उंडे असतील तर दे' म्हटल्यावर शेजारीण पाच असतानाही देतेच.

सई, परीक्षेत आकड्याचं वाक्य स्वतःहून घेऊ नकोस. समोर आलंच तर 'किंबहुना'ची कसोटी लाव आणि आईला दिलेलं ते उत्तरही शेजारी लिही. सरांनी वर्गात कोणती बाजू घेतली होती, वहीत आहे का?

सई_डिचोली

वहीत फक्त 'आकडे वेगळे' एवढंच आहे, पुढे प्रश्नचिन्ह. रविवारी मैत्रिणीची वही बघून इथे लिहिते.