अनुभव धागा: विमानातलं वाय-फाय चालू, पण ओटीपी येईना

आधी माझं सांगते, मग तुम्ही लिहा. नऊ तासांचा प्रवास होता. टेकऑफनंतर थोड्या वेळाने वाय-फाय वापरता येईल अशी घोषणा झाली. फोन फ्लाइट मोडमध्येच ठेवला, फक्त वाय-फाय परत चालू केलं. विमानाचं नेटवर्क लगेच सापडलं, त्यांचं पान उघडलं. नुसते मेसेज फुकट, पूर्ण इंटरनेटला पैसे. मला एक फाइल पाठवायचीच होती, म्हणून कार्डाचा नंबर टाकला. बँकेचं पान आलं, ‘ओटीपी टाका’.

ओटीपी येतो एसएमएसने, एसएमएस येतो मोबाइल नेटवर्कवरून, आणि ते तर बंद. वेळ संपली, व्यवहार रद्द. असं तीनदा केलं. उतरल्यावर फ्लाइट मोड काढला तेव्हा तिन्ही ओटीपी एकामागोमाग येऊन पडले. फाइल मात्र गेलीच नाही.

तुम्ही यातून कसा मार्ग काढता? शिवाय फोन-लॅपटॉप कधी आत ठेवायला लावले, त्यावरून काय झालं, तेही लिहा. पुढच्या महिन्यात बाबा पहिल्यांदा एकटे विमानाने जाणार आहेत. त्यांना नीट सांगता यावं म्हणून विचारतेय.

खिडकीपाशी
सोपं आहे. फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू ठेवा. माझ्या घरात अजिबात रेंज नाही, सगळे ओटीपी वाय-फायवरूनच येतात. विमानातही येतील, वाय-फाय ते वाय-फायच.

जुनी क्रू
दहा वर्षं केबिन क्रूमध्ये होते. वरचं घरासाठी बरोबर आहे, विमानात त्यावर विसंबू नका. वाय-फाय कॉलिंगसाठी फोनला इंटरनेटवरून थेट तुमच्या मोबाइल कंपनीपर्यंत जोडणी करावी लागते. बऱ्याच विमानांत बोलण्याचे कॉल बंद ठेवलेले असतात, त्यासोबत हा रस्ताही अडवला जातो. आणि तुम्ही तर अजून पैसेच भरलेले नाहीत. तोपर्यंत फक्त पैसे भरण्याचं पान उघडतं, बाकी इंटरनेट बंद. म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘मंजूर’ दाबायचं असेल तर तेही कधी कधी अडकतं.

खात्रीचा उपाय एकच, विमान कंपनीच्या साइटवर प्लॅनची आगाऊ खरेदी होत असेल तर ती जमिनीवरच उरकणे. नाही तर फुकटच्या मेसेजवर भागवणे. त्यात मजकूर जातो, फोटो धूसर दिसत राहतो आणि व्हॉइस नोट बहुधा अडकून पडते. बाबांना सांगा, ‘फोटो पाठवू नका, लिहून पाठवा.’

आणि वर गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. बंद पडलं म्हणून एका प्रवाशाने तसं केलं होतं. नंबर पडताळायचा कोड एसएमएसने येणार होता. बिचारा उतरेपर्यंत तसाच बसून.

घड्याळवाला
माझं थोडं वेगळं झालं. ऑफिसच्या खात्याला सहा आकडी कोड लागतो, तो फोनमधल्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये तयार होतो. त्याला नेटवर्क लागत नाही, म्हणून मी निर्धास्त. वाय-फाय घेतलं, लॉगिन केलं, ‘कोड चुकीचा’. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. सगळं तपासलं तेव्हा कळलं की विमानात बसल्या बसल्या मी फोनचं घड्याळ साडेतीन तास पुढे केलं होतं, उतरायच्या गावची वेळ दिसावी म्हणून. हा कोड वेळेवरून निघतो आणि साधारण 30 सेकंदांनी बदलतो. मी हाताने तास बदलले, टाइमझोन तोच राहिला, म्हणजे फोनच्या हिशेबाने जगाचीच वेळ साडेतीन तास पुढे गेली. घड्याळ मागे घेतलं, मग टाइमझोन बदलला. वेळ हवी तीच दिसली आणि पुढचा कोड पहिल्या फटक्यात चालला.

रात्रपाळी
मी ओटीपीसाठी दोन मिनिटं फ्लाइट मोड काढला होता. त्या विमानात स्वतःचं छोटं मोबाइल नेटवर्क होतं, फोनने ते पकडलं. स्वागताचा मेसेज आला, ओटीपीही आला. पण परत फ्लाइट मोड लावायचा राहून गेला आणि झोप लागली. डेटा रोमिंग चालू होतं. फोटोंचा बॅकअप रात्रभर त्यावरून चालला आणि पुढच्या बिलात तो आकडा बघून हात थरथरले. बाबांच्या फोनचं डेटा रोमिंग घरातून निघण्याआधीच बंद करून द्या.

जुनी क्रू
पैशांचं जाऊ द्या, फ्लाइट मोड मधेच काढूच नये. टॉवर लांब गेला की फोन जास्तीत जास्त ताकदीने त्याला शोधत राहतो. जुने फोन स्पीकरजवळ ठेवले की वाजण्याआधी टर्र-टर्र आवाज यायचा, आठवतंय? तोच आवाज पायलटच्या हेडफोनमध्ये, नेमक्या कंट्रोल टॉवरच्या सूचना ऐकताना येऊ शकतो. एका फोनने विमान पडत नाही, पण एखादा शब्द ऐकायचा राहू शकतो.

खिडकीपाशी
मग ब्लूटूथ हेडफोन कसे चालतात? तेही बंदच ठेवायला हवेत ना?

जुनी क्रू
ब्लूटूथची ताकद फारच कमी असते. फ्लाइट मोड लावून ते वेगळं चालू करता येतं. सूचनांच्या वेळी मात्र कानातून काढा.

नवा प्रवासी
पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकली तर चालते का?

जुनी क्रू
विषय वेगळा आहे, तरी सांगते. नाही चालत. सोबतच्या बॅगेत ठेवा.

दोन पिशव्या
माझा प्रश्न लॅपटॉपचा. फ्लाइट मोडमध्ये होता, तरी धावपट्टीकडे निघताना बंद करून समोरच्या सीटखाली ठेवायला लावला. शेजारच्याच्या हातात मोबाइल तसाच. हा कुठला न्याय?

जुनी क्रू
न्याय वजनाचा आहे. टेकऑफ रद्द करून जोराचा ब्रेक लागला तर मांडीवरचा दीड किलोचा लॅपटॉप सुटून पुढच्याच्या डोक्यात बसतो. साधारण किलोभराच्या वरचं उपकरण जमिनीवर चालताना, टेकऑफ आणि लँडिंगला आत जातं. मोबाइल हातात किंवा सीटच्या खिशात राहू शकतो. चार्जरची वायरही काढायला सांगतो आम्ही, कारण घाईने बाहेर पडताना पायात येते. आणि दाट धुक्यात उतरायचं असेल तर काही विमानांत कॅप्टन सगळंच पूर्ण बंद करायला सांगतो. तेव्हा फ्लाइट मोड पुरत नाही.

दोन पिशव्या
आणि टॅबलेट? येताना हातात चालला, जाताना ठेवायला लावला. टॅबलेट एकच, कंपनीही एकच.

जुनी क्रू
मधल्या आकाराचं क्रूवर सोडलेलं असतं. खरं सांगायचं तर आमच्यातही एकमत नसायचं. जाड कव्हर, कीबोर्ड लावलेला असेल तर मी ठेवायला लावायचे.

मधली सीट
एक सांगायचंच आहे. लँडिंगच्या आधी सीट सरळ करताना माझा फोन सीटच्या फटीत गेला. मी बटण दाबून सीट पुढेमागे करणार, तेवढ्यात क्रूच्या मुलीने माझं मनगट धरलं. ‘सीट हलवू नका, उठून उभे राहा.’ तिने हातमोजे घातले, गादी उचलली. फोन लोखंडी पट्टीच्या सांध्यात उभा अडकला होता, काचेच्या कडेवर ताजी खाच. सीट अजून बोटभर सरकली असती तर बॅटरी चिरडली असती, आणि चिरडलेली बॅटरी पेट घेते. बाबांना हे सगळ्यात आधी सांगा.

धागाकर्ती
लिहून घेतलं. ‘फोन पडला तर सीट हलवायची नाही, क्रूला हाक मारायची’ हे मोठ्या अक्षरांत वर टाकलंय. टाइमझोन आणि रोमिंग मी स्वतः बघून देईन. वाय-फाय कॉलिंगवर विमानात खरंच एसएमएस मिळालेला कुणी आहे का इथे?

मागची रांग
मला एकदा मिळाला, पूर्ण प्लॅन घेतलेला असताना. पण चाळीस मिनिटांनी. परतीच्या विमानात तोच फोन, तोच प्लॅन, काहीच आलं नाही.